राहते घर बक्षीस देऊ नका

साठी ओलांडलेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका, तुमच्या माघारी पोरं कोर्टाच्या पायऱ्या चढतील. त्यापेक्षा हातपाय चालतायत तोवर घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका, दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर काम होतं, भांडणाचं मूळच राहत नाही. सोसायटीच्या कट्ट्यावर हे ऐकू येते, नातेवाइकांकडून ऐकू येते आणि दस्त तयार करून देणाऱ्यांकडूनही ऐकू येते. सल्ला देणारे बहुतेक जण सद्हेतूनेच देतात. पण तो चुकीचा आहे, आणि ज्याला तो दिला जातो त्याच्याकडे चूक सुधारायला वय उरलेले नसते. म्हणून त्याचा प्रतिवाद नीट, मुद्द्याला धरून व्हायला हवा.

माझे म्हणणे एवढेच आहे की बक्षीसपत्राने भांडण टळत नाही. ते आई-वडिलांच्या मृत्यूनंतर व्हायचे ते त्यांच्या हयातीत होते, आणि त्या वेळी त्यांच्या हातात काहीच नसते.

बक्षीसपत्राचा मसुदा एकदा शांतपणे वाचून पाहा. सुरुवातीला 'लिहून घेणार' म्हणजे मुलगा आणि 'लिहून देणार' म्हणजे वडील. मग 'प्रेमापोटी व मायेपोटी' ही शब्दरचना येते, मिळकतीचे वर्णन येते, चतुःसीमा येतात. सगळ्यात महत्त्वाचा मजकूर शेवटाकडे असतो. सदर मिळकतीचा कब्जा आज रोजी तुम्हांस दिला असून यापुढे त्यात माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क, अधिकार वा हितसंबंध राहिलेला नाही, अशा अर्थाचे ते वाक्य असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वेबकॅमसमोर फोटो काढून, अंगठा टेकवून म्हातारा माणूस बाहेर पडतो आणि त्याच घरी परत जातो. खोली तीच, कपाट तेच. त्यामुळे काही बदलले असे त्याला वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो आता मुलाच्या घरात मुलाच्या मर्जीने राहणारा माणूस असतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्यातील कलम १२२ आणि १२३ नुसार देणाऱ्याने स्वखुशीने दिले, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारले, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि दस्त नोंदला गेला की मालकी गेली. ती परत मागण्याचा अधिकार कलम १२६ मध्ये जवळजवळ नाहीच. दोघांनी आधीच ठरवलेली आणि देणाऱ्याच्या केवळ इच्छेवर अवलंबून नसलेली एखादी अट मोडली, किंवा फसवणूक, दडपण असे काही सिद्ध झाले, तरच. मुलगा बोलेनासा झाला हे कारण त्यात बसत नाही.

मृत्युपत्राचे बरोबर उलटे आहे. सही झाल्यावरही घर ज्याचे होते त्याचेच राहते. उद्या विचार बदलला तर नवे मृत्युपत्र लिहिता येते, परवा पुन्हा बदलता येते. शेवटचे जे असेल ते खरे. हा बदलण्याचा अधिकार हाच म्हाताऱ्या माणसाचा खरा आधार असतो, आणि बक्षीसपत्राने तो पहिल्याच दिवशी जातो.

एक कल्पित कुटुंब घेऊ. नाशिकचे निवृत्त शिक्षक आबा, पत्नी वारलेली, स्वतःच्या पगारातून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा, सून आणि दोन नातवंडे त्यांच्याजवळ राहतात, मुलगी लग्न होऊन संगमनेरला. आबांनी सल्ला मानला आणि फ्लॅट मुलाला बक्षीस दिला. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. मुद्दामच कोणाला वाईट ठरवत नाही, कारण वाईट मुलाच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात आणि आपला मुलगा तसा नाही, असे म्हणून त्या बाजूलाही ठेवल्या जातात. तीन वर्षांनी मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. मृत्युपत्र त्याने केलेले नव्हते. चाळिशीत कोण करतो?

आता फ्लॅट कोणाचा? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्राविना गेला की पहिल्या वर्गाच्या वारसांना मिळकत मिळते. त्यात मुलगे आहेत, मुली आहेत, विधवा आहे, आई आहे. वडील नाहीत. वडील दुसऱ्या वर्गात येतात आणि पहिल्या वर्गात एकही माणूस असेल तोवर त्यांना काहीही मिळत नाही. म्हणजे ज्या आबांनी आयुष्यभर हप्ते फेडून हा फ्लॅट उभा केला त्यांचा त्यात एक पैशाचाही वाटा उरला नाही. फ्लॅटचे तीन मालक झाले, सून आणि दोन नातवंडे. घर बक्षीस देणाऱ्या वडिलांपैकी किती जणांना हे ठाऊक असते? माझ्या पाहण्यात, जवळजवळ कोणालाच नाही.

मुलाने फ्लॅट गहाण ठेवून धंद्यासाठी कर्ज काढलेले होते. मालक म्हणून तो त्याचा हक्कच होता, त्यासाठी आबांची सही लागली नाही. हप्ते थकले, सुनेने फ्लॅट विकून कर्ज फेडायचे आणि मुलांना घेऊन माहेरच्या गावी जायचे ठरवले. तिच्या जागी कोणीही हेच केले असते. अज्ञान मुलांच्या हिश्शासाठी तिला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल, पण ती मिळू शकते. आबांना राहायला जागा नाही. त्यांनी प्रांताधिकाऱ्यांकडे ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाहाचा अर्ज करायचा म्हटले, तर त्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे. सून त्यात नाही आणि नातवंडे लहान आहेत. उरते ती संगमनेरची मुलगी, जिला बापाच्या घरातून काहीही मिळालेले नाही. मुलाच्या इस्टेटीतून निर्वाह मागायचा दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयात आहे, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली. पण सत्तरीच्या माणसाने विधवा सुनेविरुद्ध दावा लावायचा, आणि तो दावा चालेपर्यंत राहायचे कुठे? भावजय आणि नणंद एकमेकींशी बोलायच्या थांबतात त्या इथे. 'दिलंत ना त्याला, मग माझ्याकडे कशाला आलात' हे मुलगी बोलून दाखवते किंवा दाखवत नाही, पण ते घरात असते. भांडण टाळायला केलेल्या दस्ताने हे भांडण जन्माला घातले.

आबांनी त्याच दिवशी फ्लॅट मुलाला देणारे मृत्युपत्र केले असते तर? मुलगा गेल्यावर फ्लॅट आबांच्याच नावावर राहिला असता. मुलाला त्यावर कर्ज मिळालेच नसते. आबा महिन्याभराने नवे मृत्युपत्र लिहून अर्धा वाटा नातवंडांना, सुनेला मुले मोठी होईपर्यंत राहण्याचा हक्क आणि उरलेले मुलीला, असे काहीही करू शकले असते. आणि दुःखाने त्यांच्याकडून नवे काही लिहून झाले नसते, तरी अपत्याला दिलेले दान ते अपत्य आधी वारल्याने, त्याला मुले असतील तर, वाया जात नाही, अशी तरतूद भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम १०९ मध्ये आहे.

इथे बक्षीसपत्राचे समर्थक म्हणतील की दस्तात अटी घालता येतात, कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. त्यांचा रोख २००७ च्या कायद्यातील कलम २३ कडे असतो. हे कलम चांगले आहे आणि त्याने काही आई-वडिलांना घरे परत मिळवून दिली आहेत, हे मी मान्य करतो. मात्र मुलगा सांभाळत नाही एवढ्यावर ते लागू होत नाही. मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर मिळकत दिली होती, हे दिसावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट सांगितले. आणि आपल्याकडच्या छापील मसुद्यात नेमकी ही अट नसते, कारण 'प्रेमापोटी' देणाऱ्या बापाला मुलासमोर ती लिहून घ्यायला संकोच वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईच्या बाजूने निकाल दिला, कायद्याचा अर्थ उदारपणे लावला आणि मिळकतीचा ताबा परत देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे असेही म्हटले. या निकालाचा दाखला फार उत्साहाने दिला जातो. पण त्यातला तपशील वाचा. त्या प्रकरणात बक्षीसपत्राबरोबर मुलाने सांभाळ करण्याचे वचनपत्र लिहून दिल्याचे आईचे म्हणणे होते, आणि मुलगा ते वचनपत्र खोटे म्हणत होता. बक्षीसपत्र २०१९ चे. उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, उच्च न्यायालयाचे एकल पीठ या तिन्ही ठिकाणी आई जिंकली, खंडपीठात हरली आणि मग दिल्लीत जिंकली. पोटच्या मुलाविरुद्ध इतक्या पायऱ्या चढाव्या लागणे याला संरक्षण म्हणायचे असेल तर म्हणा. मृत्युपत्र केले असते तर त्या आईला यांपैकी एकाही दारात जावे लागले नसते.

दुसरा बचाव तहहयात राहण्याच्या हक्काचा. बक्षीसपत्रात 'मी हयात असेपर्यंत या घरात राहीन व भाडे मी घेईन' असे कलम घालावे, म्हणजे मालकी मुलाकडे आणि ताबा आपल्याकडे. असे बक्षीसपत्र वैध आहे, यात शंका नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे असाच दस्त होता. देणाऱ्या व्यक्तीने ताबा आणि भाडे स्वतःकडे ठेवले होते, पुढे मन बदलले आणि तिने दस्त रद्द केल्याचा लेख नोंदवला. न्यायालयाने ठरवले की ताबा दिला नसला तरी बक्षीस पूर्ण झाले आहे आणि ते असे एकतर्फी रद्द करता येत नाही. म्हणजे हे कलम डोक्यावरचे छप्पर राखते, निर्णय बदलण्याची मुभा राखत नाही. बक्षीसपत्र करायचेच असेल तर हे कलम घातल्याशिवाय करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. पण मोठ्या आजारपणात घर विकून उपचार करायची वेळ आली, तर मुलाच्या सहीशिवाय ते विकता येणार नाही.

या विषयात मला सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. गावाकडे बक्षीसपत्राचा वापर मुलींना बाजूला ठेवण्यासाठी होतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे हे २००५ च्या दुरुस्तीने आले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची उरलीसुरली शंकाही मिटवली. त्यानंतर हक्कसोड पत्रावर सही करायला नकार देणाऱ्या बहिणी वाढल्या, आणि मग वडिलांना सांगितले जाते की तुमच्या हयातीतच मुलांना बक्षीस द्या, सातबाऱ्यावर फेरफार होऊन जाईल, पोरींना नंतर काही करता येणार नाही. हे कायद्यानेही चुकीचे आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा सहदायक बक्षीस देऊ शकत नाही. इतर सहदायकांच्या संमतीशिवाय दिलेले असे बक्षीस मुळातच रद्दबातल असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले आहे. आणि याच हिश्शाचे मृत्युपत्र मात्र करता येते, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने ती मुभा दिली आहे. अर्थात फक्त स्वतःच्या हिश्शापुरती, मुलींच्या नाही. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीच्या बाबतीत जो सल्ला सर्रास दिला जातो तोच कायद्यात टिकत नाही, आणि जे टाळायला सांगतात तेच टिकते. तलाठ्याकडे फेरफार मंजूर झाला की काम फत्ते, असा समज असतो. फेरफाराने मालकी ठरत नाही. बहीण वाटपाचा दावा लावते, त्यात बक्षीसपत्राला आव्हान देते, जमिनीवर मनाई हुकूम येतो, आणि म्हातारे वडील मुलाच्या बाजूचे प्रतिवादी म्हणून स्वतःच्या मुलीविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहतात.

आता समोरच्यांचा सर्वांत बळकट मुद्दा. मृत्युपत्रे न्यायालयात टिकत नाहीत, म्हणतात. करणारा माणूस जिवंत नसतो, त्याला विचारता येत नाही, आणि जो नाराज असतो तो सही खोटी किंवा मन ठिकाणावर नव्हते असे म्हणतो. यात तथ्य आहे. मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते, आणि भोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचा भारही त्याच्यावरच असतो. १९५९ पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आले आहे. प्रोबेटचा बाऊही मोठा केला जातो. पण भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ ची ती सक्ती मुळात आपल्या राज्यात मुंबई शहरापुरती होती. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या माणसाला ती कधीच नव्हती.

मात्र जी मृत्युपत्रे पडतात ती का पडतात ते पाहिले, की हा दोष करणाऱ्याच्या घाईचा आहे हे कळते. रुग्णालयाच्या खाटेवर शेवटच्या आठवड्यात केलेले, ज्याला सगळे मिळते त्यानेच वकील आणलेला आणि साक्षीदारही त्याचेच मित्र, एका मुलीचा साधा उल्लेखसुद्धा नाही, अशा कागदावर न्यायाधीशाने संशय घेतला तर तो योग्यच आहे. पासष्टीत, तब्येत ठणठणीत असताना केलेल्या मृत्युपत्राची गोष्ट वेगळी. दोन साक्षीदार हवेत, दोघांनीही तुम्हांला सही करताना पाहिलेले असावे आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. ते तुमच्यापेक्षा तरुण असावेत, कारण पुढे त्यांच्यापैकी निदान एकाला न्यायालयात उभे राहावे लागू शकते, आणि त्यांना त्या मिळकतीतून काही मिळणार नसावे. नेहमीचे डॉक्टर साक्षीदार झाले आणि त्याच दिवशीचे प्रमाणपत्र जोडले तर मनःस्थितीचा प्रश्न बराचसा निकालात निघतो. नोंदणी सक्तीची नाही, तरीही दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करावी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

आणि कारण लिहावे. याला मी सह्या-शिक्क्यांइतकेच महत्त्व देतो. मुलीला फ्लॅटमध्ये वाटा देत नसाल तर तिचे नाव घेऊन लिहा की तिच्या शिक्षणाला आणि लग्नाला अमुक खर्च केला, तिच्या नावे अमुक ठेव ठेवली आहे, धाकट्याने दहा वर्षे माझी शुश्रूषा केली म्हणून घर त्याला. न्यायालयाला त्यातून दिसते की लिहिणाऱ्याला आपली सगळी मुले आठवत होती आणि त्याने विचार केला होता. मुलीलाही ते दिसते. भावंडांतले कितीतरी दावे पैशापेक्षा वगळले गेल्याच्या जखमेतून उभे राहतात, आणि त्या जखमेवर बापाच्या हातची चार वाक्ये वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त काम करतात. शक्य असेल तर ती वाक्ये हयातीतच, सगळ्यांना एकत्र बसवून बोलून टाकावीत. बक्षीसपत्रात 'प्रेमापोटी व मायेपोटी' याशिवाय कारणच नसते, आणि ज्याला मिळाले नाही त्याने त्यातून काय समजायचे?

बक्षीसपत्र कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. स्वतःच्या कमाईचा दुसरा फ्लॅट आहे, त्याच्या भाड्यावर तुमचे औषधपाणी अवलंबून नाही, आणि मुलीला तो आजच उपयोगी पडणार आहे, तर खुशाल द्या. तिला तो देण्यातला आनंद डोळ्यांनी पाहता येतो, ही मोठी गोष्ट आहे. ज्या मिळकतीवाचून तुमचा एक दिवसही अडणार नाही ती बक्षीस देण्याजोगी. ज्या छपराखाली रात्री पाठ टेकायची, ते घर नाही.

राहता राहिला दोनशे रुपयांचा मुद्दा, कारण शेवटी माणूस त्यालाच भुलतो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, हे खरे आहे. महापालिकेच्या हद्दीत मूल्यावरचा अधिभार वेगळा. पण ही यादी पुन्हा वाचा. त्यात आई नाही आणि वडीलही नाहीत. उद्या मुलाला पश्चात्ताप झाला, त्याने राजीखुशीने म्हटले की बाबा, तुमचे घर तुम्हांला परत देतो, तर त्या उलट्या बक्षीसपत्राला दोनशेची सवलत लागू होत नाही. तिथे कुटुंबातल्या व्यक्तीसाठीचा तीन टक्के दर लागतो. साठ लाखांच्या फ्लॅटवर ते एक लाख ऐंशी हजार रुपये होतात, आणि अधिभार व नोंदणीचा खर्च त्यावर आणखी.